बीम-कॉलमच्या शटरिंगला प्लाय किती लागेल?

काँक्रीट ज्या बाजूला टेकतं, तेवढ्याच बाजूला प्लाय लागतो. हे धरून चाललं तर हिशेब चुकत नाही. समजा डिचोलीला चिऱ्याच्या भिंतींचं छोटं घर आहे. 9×12 इंची, म्हणजे 230×300 मिमीचे 6 कॉलम, 230×380 चे बीम आणि 120 मिमीचा स्लॅब. प्लाय 12 मिमीचा.

आधी कॉलम. चारही बाजू मिळून घेर 2×(0.23+0.30) = 1.06 मी. उंची जोत्याच्या बीमच्या माथ्यापासून वरच्या बीमच्या तळापर्यंतच मोजा, इथे 2.62 मी. एका कॉलमला 2.78, सहांना 16.7 चौ.मी.

खरी गफलत बीममध्ये होते. बीमची 380 खोली स्लॅबसकट असते. मधल्या बीमला दोन्ही बाजूंनी स्लॅब येतो, म्हणून बाजू 380−120 = 260 मिमीचीच. दर मीटरला 0.23+0.26+0.26 = 0.75 चौ.मी. कडेच्या बीमची बाहेरची बाजू मात्र पूर्ण 380 ची: 0.23+0.26+0.38 = 0.87. सगळे बीम मधले धरले, तर कडेला मीटरमागे 0.12 चौ.मी. कमी पडतो.

लांबी कॉलमच्या आतल्या अंगापासून आतल्या अंगापर्यंत घ्या. आपल्या घरात कडेचे बीम 20.8 मी. (3.2 चे चार, 4 चे दोन), मधला एक 4 मी. म्हणजे 18.1 + 3.0 = 21.1 चौ.मी. शिवाय बाहेरची फळी कॉलमच्या तोंडावरूनही जाते. सहाही कॉलमची बाहेरची तोंडं मिळून ती 2.72 मी. × 0.38, म्हणजे आणखी 1.03. हा तुकडा हमखास विसरला जातो. एकूण 38.8 चौ.मी. दर चौरस मीटरवर ठरला असेल, तर बिलात हाच आकडा तपासायचा.

प्लाय विकत घेताना मात्र हा आकडा पुरत नाही. 8×4 फुटी शीट 2.98 चौ.मी.ची. बीमचे 22.1 चौ.मी. भागले तर साडेसात शीट येतात, पण पट्ट्या कापल्या की चित्र बदलतं. तळ बाजूंच्या आत बसतो, त्यामुळे बाहेरची बाजू 392 ची कापावी लागते आणि शीटच्या रुंदीत तिच्या तीनच पट्ट्या निघतात. तळाच्या 230 च्या पाच, आतल्या 260 च्या चार. लांबीचे जोड धरून नऊ पुरतात, दहा घ्या. तळाचा जोड टेकूवरच यायला हवा, नाहीतर तिथे बीम खाली झुकतो.

कॉलमला सहा डबे नकोत. एका कॉलमच्या चारही फळ्या (300 च्या दोन, 254 च्या दोन) एका शीटमध्ये बसतात. फक्त शीट 2.44 मी.ची, म्हणून वरचे 18 सेंमी तुकड्यांनी जोडा. तीन डबे करून दोनदा वापरा. आयएस 456 प्रमाणे साध्या सिमेंटला उभ्या बाजू 16 ते 24 तासांनी काढता येतात, पीपीसीला जास्त वेळ द्या. 6 मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू मात्र 14 दिवस हलवायचे नाहीत.

पावसाळा जवळ असेल तर कापलेल्या कडांना रंग मारा. पाणी शिरलं की कड फुगते, सांध्यातून सिमेंटचं पाणी गळतं आणि कॉलमच्या कोपऱ्यावर खडी उघडी पडते.