ठरलेला कॉल चुकला? पुन्हा वेळ मागणाऱ्या ईमेलमधल्या या चुका टाळा

डेमोची वेळ ठरलेली, आमंत्रण स्वीकारलेलं, आणि समोरचे साहेब येतच नाहीत. इंदुरात बसून पीथमपूरच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना याची सवय असते. कारण बहुधा साधंच असतं: मशीन बंद पडलं, ऑडिटवाले आले, मालकांनी बोलावलं. खरं नुकसान त्यानंतर आपण पाठवलेल्या ईमेलने होतं. त्या माणसाला आधीच अवघडल्यासारखं झालेलं असतं. आपला मजकूर त्यात भर घालतो, तो उत्तर उद्यावर ढकलतो, आणि दिवस जातील तसं उत्तर देणं त्याला आणखी जड होत जातं.

नेहमी दिसणारा मजकूर असा असतो:

«नमस्कार सर, आज ४ वाजता आपला डेमो ठरला होता. मी २० मिनिटं वाट पाहिली, पण आपण जॉइन झाला नाहीत. सगळं ठीक आहे ना? कृपया आपल्याला कधी जमेल ते कळवा.»

यात एकही शब्द उद्धट नाही, तरी वाचणाऱ्याला खजील वाटतं. «२० मिनिटं वाट पाहिली» हा सरळ हिशेब आहे. «आपण जॉइन झाला नाहीत» यात चूक कोणाची ते ठरवून टाकलंय. त्याऐवजी «आज आपलं बोलणं होऊ शकलं नाही» एवढं पुरतं, त्यात कोणाकडे बोट नाही. «सगळं ठीक आहे ना?» हे आपण काळजीने विचारतो, पण मग त्याला कारण सांगणं भाग पडतं, आणि कारण नुसतं «विसरलो» एवढंच असेल तर तो गप्प बसतो. उलट टोकाची चूकही होते: «अजिबात मनाला लावून घेऊ नका, असं होतंच» असं दोन-तीनदा लिहिणं. जितकी माफी वाटाल तितका अपराध मोठा दिसतो.

लिहिण्याआधी आपली बाजू तपासा. लिंक जुनी नव्हती ना? साहेब वेटिंग रूममध्ये ताटकळत तर नव्हते? ग्राहक अमेरिकेत असेल तर मार्च आणि नोव्हेंबरमध्ये विशेष जपा. तिथे बहुतेक राज्यांत घड्याळ तासभर सरकतं, आपल्याकडे नाही. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे ७:३० असतात, उन्हाळ्यात ६:३०. अशा वेळी कॉल त्यांनी चुकवलेला नसतो.

आता वरचाच मजकूर नव्याने. समजा, ग्राहक एका पॅकेजिंग कारखान्याचे प्रॉडक्शन हेड आहेत. डेमो ज्या ईमेलमध्ये ठरला होता त्यालाच उत्तर द्या, म्हणजे मागचा संदर्भ खालीच राहतो आणि «मिस्ड कॉल» असा टोचणारा विषयही लिहावा लागत नाही.

«नमस्कार सर,
आज आपलं बोलणं होऊ शकलं नाही. शॉपफ्लोअरवर ऐनवेळी काम निघतं, याची कल्पना आहे.
तुम्ही विचारलेला रिजेक्शनचा रिपोर्ट तयार ठेवला आहे, २० मिनिटांत दाखवून होईल.
गुरुवारी सकाळी ११:३० की शुक्रवारी संध्याकाळी ५:३०, कोणती वेळ बरी पडेल? दुसरी एखादी सोयीची असेल तर तीही चालेल.»

दुसऱ्या वाक्याने कारण आपणच पुढे केलं, त्यांना ते रचावं लागत नाही. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: त्यांचा स्वतःचा प्रश्न पुन्हा समोर आला, त्यामुळे परत बोलण्यात त्यांचंच काम आहे हे दिसतं. वेळाही मुद्दाम वेगवेगळ्या प्रहरातल्या दिल्या आहेत. पहिली पाळी ३ ला सुटत असेल तर पाळी बदलताना सुपरवायझरपासून हेडपर्यंत सगळे अडकलेले असतात, ४ चा डेमो पुन्हा ४ लाच ठेवला तर पुन्हा तेच होईल. नुसतं «कधी जमेल ते कळवा» लिहिलं तर कॅलेंडर उघडून वेळ शोधण्याचं काम त्यांच्या माथी येतं.

त्यांनी वेळ कळवली की जुनं आमंत्रणच नव्या वेळेवर सरकवा. नवं पाठवलं आणि जुनं तसंच राहिलं की दोन लिंकांचा घोळ होतो. आणि होकार येण्याआधी ते परस्पर सरकवू नका.

कधी पाठवायचं? ठरलेल्या वेळेनंतर दहाएक मिनिटांनी व्हॉट्सॲपवर एक ओळ: «सर, लिंक उघडायला अडचण येत नाही ना?» लागोपाठ फोन करू नका. ईमेल त्याच संध्याकाळी जाऊ द्या. उत्तर नाही आलं तर तीन कामाच्या दिवसांनी एकदा दोन ओळींची आठवण, तीही नव्या वेळांसह.

दुसऱ्यांदाही कॉल चुकला तर तिसरी वेळ मागू नका. त्या रिपोर्टचं पाच मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवा आणि विचारा: «हे बघून प्रश्न असतील तर फोनवर बोलूया का?» काही लोकांना व्हिडिओ कॉलचाच कंटाळा असतो, फोनवर ते मोकळेपणाने बोलतात.