हिरडीत खोल पॉकेट: फ्लॅप सर्जरीला ‘हो’ म्हणण्याआधी या चुका टाळा

तपासणीच्या तक्त्यावर ७ मिलिमीटरचं पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यातली फट, दिसलं की लगेच फ्लॅपची, म्हणजे हिरडी उचलून आत साफ करण्याच्या ऑपरेशनची, तारीख ठरवणं, ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक. हिरड्यांचंच काम करतो, त्यामुळे आमच्यातले डॉक्टरही ही घाई करतात हे माहीत आहे. निरोगी हिरडीत बारीक खुणांची सळई, म्हणजे प्रोब, १ ते ३ मिलिमीटर आत जाते. ७ म्हणजे खोल, यात वाद नाही. पण पहिल्या दिवशीच्या ७ मध्ये सूज किती आणि खरोखर सुटलेली हिरडी किती, हे त्या दिवशी सांगता येत नाही. सुजलेल्या हिरडीची कड वर आलेली असते आणि तळाचा भाग इतका मऊ झालेला असतो की प्रोब त्यात रुतून थोडा जास्तच आत जातो.

म्हणून फ्लॅपचा निर्णय पहिल्या तक्त्यावर नाही, दुसऱ्या तक्त्यावर घ्यायचा. दोन्हींच्या मध्ये मुळांची खोल सफाई, म्हणजे स्केलिंग आणि रूट प्लेनिंग, नीट झालेली हवी.

‘नीट’ या शब्दावर गाडी अडते. “स्केलिंग झालंय, काही फरक नाही” म्हणत येणाऱ्यांना मी आधी विचारतो, भूल दिली होती का? बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असतं. म्हणजे दातांवरचा कीट निघाला, हिरडीखालचा तसाच राहिला. खोल सफाईत तो भाग बधिर करून, आधी अल्ट्रासॉनिक मशीन आणि मग वाकड्या टोकाची क्युरेट पॉकेटच्या तळापर्यंत नेऊन मुळावरचा कीट काढतात. सगळं तोंड एका बैठकीत घाईघाईने उरकण्यापेक्षा दोन-चार बैठकांत केलेलं बरं. असं काम झालंच नसेल, तर ‘सफाईने भागलं नाही, आता ऑपरेशन’ या म्हणण्याला आधार नाही.

या सफाईलाही मर्यादा आहे. डॉक्टरला आतलं दिसत नाही, सगळं हाताच्या अंदाजावर चालतं. पॉकेट ५-६ मिलिमीटरच्या पुढे गेलं की तळाशी कीट मागे राहण्याची शक्यता वाढत जाते. दाढेची मुळं जिथे फुटतात त्या बेचक्यात तर फारच, कारण त्याचं तोंड कित्येकदा क्युरेटच्या पात्यापेक्षाही अरुंद असतं. फ्लॅपमध्ये हिरडी उचलून मूळ आणि हाड उघडं केलं जातं, त्यामुळे डोळ्यांनी पाहून साफ करता येतं. मोठा फायदा तोच. उथळ जागी हाच फायदा उलटतो: ४ ते ६ मिलिमीटरच्या पॉकेटमध्ये फ्लॅप केला तर खोली थोडी जास्त कमी होते, पण दाताला पुन्हा चिकटणारी हिरडी साध्या सफाईपेक्षा कमी मिळते.

कागलहून येणाऱ्या एका काकूंचं उदाहरण घेऊ. खालच्या उजव्या पहिल्या दाढेला पुढून ७, मागून ७. वरच्या उपदाढेला ६, खालच्या पुढच्या दातांना ५. प्रोब लावला की सगळीकडे रक्त. सकाळ-संध्याकाळ मशेरी, मधुमेह आहे पण साखर कित्येक महिन्यांत तपासलेली नाही. मुलगा सोबत होता. म्हणाला, “डॉक्टर, एकदाच काय ते ऑपरेशन करून टाका. सारखं कागलवरनं यायला जमत नाही.”

अडचण खरी होती, तरी मी नाही म्हणालो. मशेरी चालू, साखर चढलेली आणि दातांच्या फटीत अन्न तसंच, अशा तोंडात फ्लॅप केला तर जखम नीट भरत नाही आणि हिरडी पहिल्यापेक्षाही जास्त सुटू शकते. आधी फिजिशियनकडे पाठवलं. मशेरीचं बोट सोडून हातात मऊ ब्रश आणि फटींसाठी छोटा इंटरडेंटल ब्रश दिला. मग भूल देऊन खोल सफाई केली.

दोन आठवड्यांत काकू तक्रार घेऊन आल्या. “रक्त थांबलं, पण दात लांब दिसायला लागले. साफ केल्यानं हिरडी गेली बघा.” ही समजूत घराघरांत आहे आणि त्यापायी लोक उपचार अर्धवट सोडतात. सूज उतरली की कड खाली बसते आणि आधीच उघडं पडलेलं मूळ दिसू लागतं. काही दिवस गार पाणी झोंबतं. दुसरी चूक याच वेळी होते: रक्त थांबलं म्हणून पुन्हा न येणं, किंवा उलट, आठ-पंधरा दिवसांतच प्रोब घालून मोजायला लावणं. तळाशी नवीन चिकटलेला थर तेव्हा कोवळा असतो, प्रोबने तो सुटतो. किमान चार ते सहा आठवडे थांबावं. खोल पॉकेट असेल तर तीन महिन्यांनी मोजलेला आकडा जास्त भरवशाचा.

काकूंना तीन महिन्यांनी मोजलं. उपदाढ ६ वरून ३, पुढचे दात ५ वरून ३. दाढेला पुढच्या बाजूने ४, रक्त नाही. मागच्या बाजूने मात्र ६, आणि रक्त. तळाशी कीट नसेल आणि रक्त येत नसेल तर ४ ला हात लावायचा नाही. ४-५ ला रक्त येत असेल तर त्याच जागी पुन्हा खोल सफाई. ६ किंवा जास्त उरलं तरच फ्लॅपचा विचार. काकूंच्या एक्स-रेत त्या दाढेच्या मागे हाड उभं खचलेलं होतं, तिथे हाडाची भर घालून काही भाग परत मिळवता येण्यासारखा होता. म्हणून फ्लॅप केला, पण फक्त तेवढ्या जागी. पहिल्या दिवशी मुलाचं ऐकलं असतं तर त्या बाजूचे सगळे दात उघडले गेले असते. हिरडी उचलल्यावर बेचक्याजवळच्या खाचेत कीटाची काळपट पट्टी सापडली, क्युरेट तिथवर पोचलीच नव्हती.

काही खोल पॉकेट्स मात्र या हिशोबात बसतच नाहीत. बाकी सगळीकडे २-३ आणि एकाच दाताच्या एकाच अरुंद जागी अचानक ९-१०, असं असेल तर मुळाला उभी चीर आहे का ते आधी पाहावं, विशेषतः रूट कॅनाल झालेल्या दातात. चीर असेल तर दात बहुधा काढावाच लागतो, फ्लॅपचा खर्च वाया. दाताची नस मेलेली असेल तर तिथला पूही कधीकधी हिरडीतून वाट काढतो, मग उपचार आधी नसेचा. आणि रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी चालू असेल तर हिरडी नुसती वाढूनही पॉकेट खोल दिसतं. हाड शाबूत असतं. अशा वेळी गोळी बदलता येईल का हे फिजिशियनला विचारावं, स्वतःहून बंद करू नये. फ्लॅपआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच.

टाके साधारण आठवडा-दहा दिवसांनी निघतात. तोवर त्या जागी ब्रश नाही, क्लोरहेक्सिडिनने चूळ भरायची. भर घातलेल्या जागी सहा महिने प्रोब लावायचा नाही, काकूंनाही तेच सांगितलंय. बाकीच्या तोंडाची सफाई दर तीन महिन्यांनी, आणि त्या खेपेला मधुमेहाचा ताजा रिपोर्ट सोबत आणायचा.