मुदतवाढीचा मेमो पाठवण्याआधीची तयारी

नवी तारीख. मेमो उघडण्याआधी ती कागदावर लिहून समोर ठेवा. दिवस, महिना, वर्ष आणि वार, सगळं. मागच्या वेळी माझ्याकडून हेच राहिलं, म्हणून सुरुवात इथूनच.

आम्ही दूध डेअऱ्यांसाठी शीतगृहाच्या खोल्या उभारतो. त्या कामाची मुदत 28 फेब्रुवारी होती आणि मी 20 तारखेला ग्राहकाला लिहिलं होतं, ‘काही अपरिहार्य कारणांमुळे काम पूर्ण होण्यास आणखी साधारण दोन आठवडे लागतील, तरी सहकार्य करावे.’ माझ्या डोक्यात दोन आठवडे 28 पासून होते, म्हणजे 14 मार्च. डेअरीच्या व्यवस्थापकांनी ते पत्राच्या तारखेपासून मोजले, म्हणजे 6 मार्च. त्या हिशेबानं त्यांनी भाड्याची जुनी खोली सोडली आणि 6 तारखेला सकाळी श्रीखंडाचे डबे भरलेली गाडी आमच्या साइटवर येऊन उभी राहिली. खोलीला तेव्हा दारही बसलेलं नव्हतं. पाडवा तोंडावर होता. माल दुसरीकडे हलवायचा खर्च त्यांना पडला आणि चूक पूर्णपणे माझ्या वाक्याची होती.

तेव्हा ‘साधारण’, ‘लवकरच’, ‘दोनेक आठवडे’, ‘महिनाअखेरपर्यंत’ हे शब्द मसुद्यात शोधा आणि काढून टाका. तारीख लिहा.

आता कारणं. ती लिहिण्याआधी वर्क ऑर्डर, साइटची नोंदवही आणि पुरवठादाराच्या मेल काढून बसा. आठवणीवर लिहू नका, दोन दिवस इकडेतिकडे होतातच आणि ग्राहकाकडेही नोंद असते. प्रत्येक कारणासमोर तीन गोष्टी हव्यात: काय कधी व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात कधी झालं, आणि त्यानं शेवटची तारीख किती दिवस पुढे गेली. यातली तिसरी गोष्ट बहुतेकांच्या मेमोत नसते. ‘कॉम्प्रेसर उशिरा येतोय’ एवढं वाचून ग्राहकाला काहीच ठरवता येत नाही.

इथे एक मोठा सापळा आहे. पुढच्या कामात, 2025 च्या एप्रिलमध्ये, मी स्वतः त्यात पडता पडता वाचलो. हस्तांतराची मुदत होती 15 मे. फरशीचा कोबा करून जागा देण्याचं काम डेअरीकडे होतं, ती 7 एप्रिलऐवजी 16 ला मिळाली, म्हणजे 9 दिवस उशिरा. कूलिंग युनिट 22 एप्रिलला यायचं होतं, पुरवठादारानं 28 तारीख कळवली, म्हणजे 6 दिवस. शिवाय आमच्याच माणसानं दाराच्या जागेचं माप चुकवलं, दोन पॅनेल पुन्हा बनवून आणावी लागणार होती, त्याचे 3 दिवस. मी सरळ बेरीज केली: 18. पण भिंतींची पॅनेल उभी राहिल्याशिवाय युनिट बसवताच येत नाही, आणि जागा उशिरा मिळाल्यामुळे पॅनेलचं काम तसंही 28 एप्रिलपर्यंत चालणार होतं. म्हणजे युनिटचे 6 दिवस त्या 9 दिवसांच्या पोटातच गेले. खरा उशीर 9 आणि 3, एकूण 12. मी 18 मागितले असते तर डेअरीच्या इंजिनिअरनं दहा मिनिटांत हिशेब उलगडला असता आणि मग बाकीच्या खऱ्या दिवसांवरही कुणी विश्वास ठेवला नसता. म्हणून एकाच वेळी चालणारे उशीर एकमेकांत मिळवू नका. कॅलेंडरवर पेन्सिलीनं पट्ट्या ओढा, लगेच दिसतं.

स्वतःची चूक लपवायची नाही. तीन दिवस आमचे असतील तर आमचे म्हणून लिहायचे. ग्राहकाचा उशीर मात्र तक्रारीच्या सुरात नको. ‘आपल्याकडून दिरंगाई झाली’ म्हणू नका, ‘जागा 16 एप्रिलला ताब्यात मिळाली’ म्हणा. तारीखच बोलते. वर्क ऑर्डरमध्ये उशिराच्या दंडाची अट असेल तर ती आधी वाचून घ्या, कारण कोणते दिवस कुणाच्या खात्यात हे त्याच वेळी महत्त्वाचं ठरतं.

थोडी सोय हातात ठेवायची असेल तर तीही उघड लिहा. त्या वेळी मी वीज जाण्याच्या शक्यतेसाठी 2 दिवस धरले, कारण शेवटची चाचणी म्हणजे रिकामी खोली सलग 48 तास 4 अंशांवर टिकली पाहिजे, आणि मध्येच वीज गेली की चाचणी पहिल्यापासून. 15 मे, त्यात 12, त्यात 2: 29 मे, गुरुवार. तारीख अशी निघते. ती अंदाजानं ठोकायची नसते, आणि एकदा निघाली की पुन्हा ‘साधारण’मध्ये गुंडाळायची नसते.

21 एप्रिलला शेवटी जो मेमो गेला त्याची सुरुवात अशी होती:

‘शीतगृहाच्या हस्तांतराची मुदत 15 मे 2025 ऐवजी गुरुवार, 29 मे 2025 अशी वाढवून मिळावी, ही विनंती. त्या दिवशी सायंकाळी 5 पर्यंत चाचणी पूर्ण झालेली, माल ठेवण्यास तयार खोली आपल्या ताब्यात देऊ. वाढीव 14 दिवसांपैकी 9 दिवस जागा 16 एप्रिलला मिळाल्यामुळे, 3 दिवस आमच्याकडून झालेल्या मापाच्या चुकीमुळे आणि 2 दिवस चाचणीत वीज खंडित होण्याची शक्यता धरून आहेत. युनिट 28 एप्रिलला येत आहे, त्यामुळे वेगळा उशीर होणार नाही.’

नवी तारीख पहिल्याच वाक्यात, जुन्या तारखेशेजारी. आणि त्या दिवशी नेमकं काय मिळणार हे दुसऱ्या वाक्यात, कारण ‘काम पूर्ण’ म्हणजे तुमच्या लेखी युनिट चालू झालं, त्यांच्या लेखी माल आत गेला. या दोन वाक्यांवर वेळ घाला. बाकीचा मेमो अर्ध्या पानात संपतो.

पाठवण्याआधी फोन करा. माझा फोन एवढाच होता: ‘साहेब, 15 ला होणार नाही. 29 म्हणतोय, गुरुवार. कागद पाठवतो, त्याआधी तुमच्या कानावर घातलं.’ ते म्हणाले, ‘जुन्या खोलीचं भाडं 31 ला संपतंय, त्याच्या पुढे जाऊ नका.’ ही माहिती मेमोतून कधीच आली नसती.

मुदत संपायच्या आत पाठवा, शक्यतो पंधरा-वीस दिवस आधी. करार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे मुदत वाढवून देणं ज्याच्यासाठी काम करतोय त्याच्या हातात असतं, म्हणून लेखी होकार मागा. उत्तर आलं नाही याचा अर्थ मंजूर असा धरू नका. उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवं तेही लिहा.

सही, वर्क ऑर्डर क्रमांक, प्रत कुणाला: नेहमीप्रमाणे. जोडपत्रात नोंदवहीच्या पानाचा फोटो आणि पुरवठादाराची मेल, जास्त काही नको.

होकार आला की साइटच्या फळ्यावरची जुनी तारीख पुसून नवी लिहा आणि फिटरलाही तीच सांगा. आणि पाठवायचं बटण दाबण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा: तारीख आहे? वार आहे? तो वार त्या तारखेला खरंच येतो का, कॅलेंडर उघडून बघितलंत?