बोंडअळीच्या अहवालाचा निष्कर्ष कसा लिहायचा

आमच्याकडच्या ग्रामीण महाविद्यालयात प्रकल्प अहवालाचं शेवटचं प्रकरण 'सारांश, निष्कर्ष व शिफारशी' या नावानं येतं. मुलं सारांश लिहितात, मग तीच वाक्यं निष्कर्षाखाली पुन्हा येतात. दरवर्षी असे अहवाल वाचते, त्यामुळे पहिल्यांदाच अहवाल लिहिणाऱ्यांसाठी एक प्रकरण नीट उलगडून दाखवते. आकडे समजावण्यापुरते सोपे धरले आहेत.

समजा, विषय आहे कपाशीवरची गुलाबी बोंडअळी आणि कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं या अळीचे नर पतंग ओढून पकडणारे सापळे. 2017 च्या हंगामात या अळीनं विदर्भात जो फटका दिला, त्यानंतर हा विषय आमच्या मुलांच्या घरचाच झाला. प्रश्न असा: सापळ्यांमुळे फवारण्या कमी होतात का? 60 शेतकऱ्यांना विचारलं. 45 जणांनी सापळे लावले होते. लावणाऱ्यांच्या आणि न लावणाऱ्यांच्या फवारण्या साधारण सारख्याच निघाल्या. मात्र सापळ्यातले पतंग नियमित मोजणारे फक्त 12 होते आणि त्यांची सरासरी एक फवारणी कमी होती.

आता नेहमीचा निष्कर्ष: "बहुसंख्य शेतकरी सापळे लावतात. मोजणी करणाऱ्यांचं प्रमाण कमी आहे. मोजणी करणाऱ्यांच्या फवारण्या कमी आहेत." ही तिन्ही वाक्यं आधीच्या प्रकरणात जशीच्या तशी बसतात, आणि ओळखण्याची खूण हीच. जे वाक्य उचलून तक्त्याखाली ठेवलं तरी चालतं, ते निष्कर्ष नाही.

मी मुलांना निष्कर्षाच्या वेळी तक्ते मिटवायला सांगते आणि सुरुवातीचा प्रश्न समोर ठेवून बोलायला लावते. "सापळ्यांमुळे फवारणी कमी होते का? हो की नाही?" पहिलं उत्तर बहुधा येतं, "मॅडम, मोजलं तर होते." इथून खरं काम सुरू होतं, कारण हे उत्तर आपल्या माहितीच्या पुढं धावलं आहे.

त्या 12 जणांकडं पुन्हा बघायचं. त्यांच्यातल्या 9 जणांनी डिसेंबर संपायच्या आत कपाशीची पऱ्हाटी उपटली होती. उरलेल्या 48 मध्ये असे 10 च होते, बाकीच्यांनी फरदड ठेवली होती, म्हणजे तेच पीक पुढंही शेतात राखलं होतं. फरदडीत पीक लांबतं, अळीला खायला मिळत राहतं आणि उशिराच्या फवारण्या वाढतात. म्हणजे कमी फवारणीचं श्रेय मोजणीचं की शेत वेळेत मोकळं केल्याचं, हे या माहितीवरून वेगळं काढता येत नाही. शिवाय फवारण्यांचा आकडा शेतकऱ्यांनी आठवून सांगितलेला. एका फवारणीचा फरक आठवणीच्या चुकीतही मावतो.

मग हाती काहीच उरत नाही का? उरतं. एकरी दोन सापळे हे पाळत ठेवण्यासाठी असतात, अळी संपवण्यासाठी नव्हे. एका सापळ्यात सलग तीन रात्री, दर रात्री आठ किंवा जास्त पतंग सापडले, तर फवारणीचा निर्णय घ्यायचा, अशी शिफारस आहे. जो मोजतच नाही, त्याच्यासाठी सापळा असून नसल्यासारखा. त्यामुळे नुसते सापळे लावून फरक दिसला नाही, हे अपेक्षितच आहे आणि ते आपण ठामपणे लिहू शकतो. एखादा शेतकरी मुलाखतीत म्हणतो, "सापये लावले जी, पन पतंग मोजाले टाईम कोनाले हाय?" हे बोलणं निरीक्षणात नोंदवायचं. अडचण सापळा मिळण्याची नसून मोजणीची आहे, हा त्यातून काढलेला अर्थ निष्कर्षात जातो.

सगळं जोडून परिच्छेद असा होईल: "या गावात सापळे पोहोचले आहेत, पण त्यांचा उपयोग निर्णयासाठी होत नाही. केवळ सापळे वाटल्यानं फवारण्या कमी होतील, या समजुतीला या पाहणीत आधार मिळत नाही. मोजणीमुळे फवारणी कमी होण्याची शक्यता दिसते. तथापि मोजणी करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी फरदड टाळल्यामुळे हा परिणाम मोजणीचाच आहे, असे म्हणता येत नाही."

इथं 'आधार मिळत नाही', 'शक्यता दिसते' आणि 'म्हणता येत नाही' यांचं वजन वेगवेगळं आहे. प्रत्येक दाव्यामागं किती पुरावा आहे, ते वाचणाऱ्याला त्यावरून कळतं. 'सिद्ध होते' हा शब्द 60 जणांच्या, एका गावातल्या पाहणीत मी खोडतेच. उलट बाजूनं, मर्यादांच्या भीतीनं सगळीकडं 'कदाचित' लिहिणारी मुलंही असतात. त्यांना मी पहिलं वाक्य ठाम करायला लावते, कारण ते माहितीवर उभं आहे.

शिफारस या निवाड्यातूनच निघायला हवी. "शासनाने जनजागृती करावी" हे कुठल्याही अहवालाला चिकटतं, म्हणून ते काढून टाकायचं. आपल्या निष्कर्षावरून असं लिहिता येतं: पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी सापळे लागतात, तेव्हा कृषी सहायकानं वाटपासोबत काही शेतकऱ्यांच्या बांधावर उभं राहून मोजणी आणि नोंद करून दाखवावी. पुढच्या पाहणीत फरदड ठेवणारे आणि न ठेवणारे यांचे गट वेगळे करून मोजणीचा परिणाम तपासावा. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर बहुतेक वेळा याच दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवून विचारतात, "हे कशावरून सुचलं?" तेव्हा 12 पैकी 9 चा आकडा पाठ असू द्या.