जड खोकं उचलण्याचा शॉट: रेफरन्सची तयारी

अ‍ॅनिमेशनच्या शॉटमध्ये पात्राने जमिनीवरचं जड खोकं उचलायचं आहे आणि त्यासाठी आधी स्वतः खोकं उचलून रेफरन्सचा व्हिडिओ घ्यायचा आहे असं धरू. मग कॅमेऱ्याला हात लावण्याआधी खोक्यात खरोखर वजन भरा. रिकामं खोकं उचलून जड असल्याचा अभिनय करता येतो असं मलाही वाटायचं. चेहरा साथ देतो, पण कंबर खोटं बोलत नाही.

फोन स्टँडवर ठेवा आणि शॉटमध्ये कॅमेरा ज्या उंचीवर, ज्या कोनात आहे तिथेच लावा. पावलं फ्रेममध्ये दिसलीच पाहिजेत, कारण वजन कोणत्या पायावर गेलं ते तिथेच कळतं. कपडे अंगासरशी असावेत. उजेड भरपूर हवा. अंधूक खोलीत शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि हलणारा हात नेमका हव्या त्या फ्रेमवर पुसट येतो. पाच-सहा टेक घ्या. पहिल्या दोनांत आपण कॅमेऱ्यासाठी वावरत असतो, ते बहुतेक टाकूनच द्यावे लागतात.

शॉट सेकंदाला 24 फ्रेम्सचा असेल आणि फोनने सेकंदाला 30 ने टिपलं असेल, तर मोजणी चुकते. त्यात फोनचा फ्रेम रेट बरेचदा मध्येच कमी-जास्त होतो. म्हणून आधी निवडलेल्या टेकच्या इमेजेस काढून घ्या:

```
ffmpeg -i box.mp4 -vf fps=24 box_%04d.png
```

आता फाइलचा नंबर हाच फ्रेम नंबर. स्लो मोशनमध्ये शूट केलेलं असेल तर हे चालणार नाही, आधी वेग मूळ करून घ्या.

पोझ शोधताना हाताकडे पाहू नका, कंबरेकडे पाहा. ती जिथे दिशा बदलते किंवा थांबते ते फ्रेम लिहून काढा. माझ्या एका टेकमध्ये बोटं खोक्याला 31 वर लागली आणि खोकं जमिनीवरून 43 वर सुटलं. मधल्या 12 फ्रेम्स, म्हणजे अर्धा सेकंद, खोकं जागचं हललंच नाही. पण कोपर सरळ झाले, खांदे ताणले गेले, कंबर किंचित मागे सरकली. रिकाम्या खोक्याच्या टेकमध्ये हेच अंतर 4 फ्रेम्सचं होतं. वजन दिसतं ते याच फरकात. म्हणून उभं राहणं, वाकून पकडणं आणि खोकं पोटाशी येणं या तीन पोझमध्ये हा ताण चौथी म्हणून धरा. ती सुटली की खोकं थर्माकोलचं वाटतं.

प्रत्येक पोझवर डोक्यापासून टाचेपर्यंत एकच वळणदार रेष ओढा आणि रिगवर पोझ लावताना ती थोडी जास्त वाकवा. माणसाचं शरीर कॅमेऱ्यात नेहमी मवाळ दिसतं. पात्राचे पाय आखूड असतील तर कोन जसेच्या तसे उचलू नका, फ्रेम नंबर मात्र तेच ठेवा. मधल्या सगळ्या फ्रेम्स गिरवायचा मोह होईल. तसं केलं की हालचाल एकसारखी तरंगत जाते आणि ताणाचा तो अर्धा सेकंद तिच्यात विरून जातो.