सिरोसिसचा रुग्ण घरी जाताना: आहाराची तयारी

यकृताच्या या आजारात पहिलं काम वजनाचं. पोटात पाणी असलेल्या माणसाचा काटा खोटं बोलतो. समजा, काट्यावर 68 किलो आले, पोटात मध्यम पाणी आहे आणि पायांवर सूज आहे. पाण्याचे सुमारे 10 टक्के आणि सुजेचे 5 टक्के वजा केले, की 58 किलो उरतात. पुढचा हिशोब याच आकड्यावर करायचा आणि तो आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लिहायचा.

या वजनाला किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 70 ते 87 ग्रॅम प्रथिनं लागतात. इथेच घरचे अडतात. मागच्या खेपेस रुग्ण भ्रमात गेला होता, म्हणून डाळ, दूध, अंडी सगळं बंद होतं, आणि सल्ला देणारे शेजारीही कमी नसतात. पण यकृत थकलं की मेंदूवर परिणाम करून भ्रम आणणारा अमोनिया निकामी करण्याचं बरंच काम स्नायू करतात. प्रथिनं तोडली की स्नायू झिजतात आणि भ्रमाचा धोका उलट वाढतो. म्हणून चिठ्ठीवर ‘भ्रम येऊन गेला तरी प्रथिनं चालू’ असं ठळक लिहून द्यावं. मांसाहार सोसत नसेल तर दही, पनीर, मूग, मटकी यांवर भर द्यावा. भ्रम पुन्हा आला तर आधी शौचाला झालं का, पोट साफ करणारं लॅक्टुलोज औषध चुकलं का, ताप आहे का ते विचारावं. गुंगीत असलेल्याला मात्र तोंडाने काही भरवू नये, सरळ दवाखान्यात न्यावं.

झोपण्याआधीचं खाणं वेळेसकट लिहावं. अशा यकृतात साखरेचा साठा तुटपुंजा असतो, त्यामुळे रात्रभराच्या उपाशीपणातच शरीर स्नायू मोडायला लागतं. साडेनऊ-दहाला दोन फुलके आणि कपभर दूध दिलं, की साधारण 50 ग्रॅम कर्बोदकं जातात. हे जेवणाव्यतिरिक्त असतं. रात्रीचं जेवण उशिरा ढकलून ते भरून निघत नाही. मधुमेह असेल तर काय आणि किती हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

राहिलं मीठ. ‘मीठ कमी’ ही नोंद कुचकामी आहे. मर्यादा दिवसाला 2 ग्रॅम सोडियमची, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम मिठाची. दूध-भाज्यांतलं सोडियम त्यातच धरायचं, म्हणून रुग्णाच्या वेगळ्या डबीत सकाळी 3 ते 4 ग्रॅम मोजून ठेवावं आणि रात्री उरलेलं लिहावं. पापड, लोणचं, फरसाण, पाव, खायचा सोडा यांची नोंद स्वतंत्र. सैंधवही मीठच. पोटॅशियमचं ‘लो सोडियम’ मीठ पोटॅशियम शरीरात रोखून धरणारं स्पायरोनोलॅक्टोन औषध घेणाऱ्याला धोक्याचं, ते स्वयंपाकघरात आहे का हे आवर्जून विचारावं. नोंदीत शेवटी एक रकाना ताटात काय उरलं त्याचा ठेवावा. अळणी म्हणून अर्धं ताट परत येत असेल तर डॉक्टरांना विचारून मीठ थोडं सैल करावं.