बिलात दीड टन, भिंतीवर एक टन: डीलरला पत्र लिहिताना या चुका टाळा

"एसी नीट थंड करत नाही, कृपया बदलून द्यावा." कमी टनाचा एसी गळ्यात पडलेल्या माणसाने डीलरला लिहावं असं याहून वाईट वाक्य नाही. आणि माझ्याकडे "जरा बघून दे" म्हणून येणारी निम्मी पत्रं याच वाक्याने सुरू होतात.

आमच्या मेहुण्यांचंच बघा. ऐन मे महिन्यात दीड टनाचा एसी घेतला. खोके आले, त्याच संध्याकाळी माणूस येऊन बसवून गेला आणि खोके भंगारवाल्याकडे गेले. चार दिवस झाले तरी खोली गार होईना, म्हणून त्यांनी वरचं वाक्य लिहून पाठवलं. डीलरने ते सरळ कंपनीच्या सर्व्हिसकडे ढकललं. तंत्रज्ञ आला, गॅस तपासला, जाळी धुतली आणि "मशीन ओके" लिहून सही घेऊन गेला. दुसऱ्यांदाही तेच. त्याचंही चुकलं नव्हतं, मशीन खरंच ठणठणीत होतं! फक्त ते एक टनाचं होतं. हे कळायला बारा दिवस गेले, तेही मी गच्चीत जाऊन बाहेरच्या युनिटवरची पट्टी वाचली म्हणून.

तेव्हा पत्रात थंडाव्याचा विषयच काढू नका. थंड न होणं ही दुरुस्तीची तक्रार आहे. तुमची तक्रार एवढीच, की बिलात एक माल आहे आणि घरात दुसरा. मेहुण्यांचं पत्र मी असं बदललं:

"आपल्या दि. … च्या बिल क्र. … मध्ये १.५ टन, मॉडेल क्र. … असा एसी आहे. प्रत्यक्षात मिळालेल्या एसीच्या पट्टीवर मॉडेल क्र. … आणि कूलिंग क्षमता ३,४०० वॅट आहे, म्हणजे तो १ टनाचा आहे. आतल्या व बाहेरच्या युनिटचे अनुक्रमांक: … . बिलातील मॉडेल सात दिवसांत बसवून द्यावे. चुकीचे युनिट काढणे, नेणे आणि नवे बसवणे याचा खर्च आपण करावा. बिलाची प्रत व पट्ट्यांचे फोटो सोबत जोडले आहेत."

बास. उन्हाळा, आजारी सासूबाई, "इतक्या वर्षांचे ग्राहक" यातलं काही नको. तिसऱ्या दिवशी गोदामातून फोन आला.

दुसरी चूक उतावळ्या गूगलपंडितांची. एक टन म्हणजे ३,५१७ वॅट, म्हणून दीड टन म्हणजे ५,२७५ हवेत. लेबलवर ५,००० दिसले की हे लगेच "फसवणूक" असं लिहून मोकळे. अहो, बाजारातल्या दीड टनाच्या बऱ्याच एसींवर ५,००० च्या आसपास किंवा थोडा कमीच आकडा असतो. दीड टन हा ढोबळ आकडा आहे. आधी बिलातलं मॉडेल कंपनीच्या साइटवर शोधा, तिथली क्षमता आणि तुमच्या पट्टीवरची क्षमता ताडून पाहा. दोन्ही एकच असतील तर पत्र लिहूच नका. आकडा ३,५०० च्या आसपास असेल तर मात्र शंका नको. एका गृहस्थांनी तर पट्टीवरचा विजेचा आकडा, पंधराशे वॅट, हाच थंडाव्याचा समजून पानभर संताप लिहिला होता. पट्टीवर दोन्ही आकडे असतात. "कूलिंग कपॅसिटी" समोरचा वाचायचा, "पॉवर इनपुट" समोरचा नाही.

स्प्लिट एसीचे दोन खोके असतात आणि गोदामात कधी एकाचीच अदलाबदल होते. दोन्ही पट्ट्यांचे फोटो काढा, अनुक्रमांक वाचता येतील इतक्या जवळून. बाहेरचं युनिट एकदा स्टँडवर चढलं की पट्टी भिंतीकडे जाऊ शकते, म्हणून मी खोके उघडल्या उघडल्या, ड्रिल चालू व्हायच्या आधी फोटो घेतो. बसवणारा कुरकुरतो. कुरकुरू दे.

मूळ बिल देऊ नका, प्रत द्या. पत्र हातोहात दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या.

बदली, पैसे परत आणि नुकसानभरपाई असं सगळं एकाच पत्रात मागू नका. डीलर त्यातलं सगळ्यात अवघड मागणं धरून घोळ घालत बसतो. पहिल्याच पत्रात ग्राहक आयोगाची धमकीही नको. सात दिवसांत हालचाल झाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक दुसऱ्या पत्रात टाका. आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, घाई नाही.

आणि बदलून आलं की आनंदात रिमोट हातात घेऊन बसू नका. बिलावर अनुक्रमांक असतील तर ते नव्या युनिटचे करून घ्या, वॉरंटीची नोंदही बदलून घ्या. मेहुण्यांची वॉरंटी पुढचे दोन महिने त्या परत गेलेल्या एक टनाच्याच नावावर होती.